दुसऱ्या भेटीची ओळ

झुरळं मारण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला गिऱ्हाइकांच्या मुलांनी झुरळमामा म्हणावं यात अन्याय काही नाही. मामालाही तो वाटत नसे. बायको गेल्यापासून घरात त्याला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मिळेल ती हाक लोकांच्या घरी, आणि तीही दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीला फवारणी असायची, माणसं घर सोडून जायची; मामा मास्क लावून भिंतींशी गप्पा मारायचा. दोन-तीन आठवड्यांनी परत गेलं की मात्र दार कोणीतरी उघडे, कुत्रं बूट हुंगे, चहा येई.

म्हणून पेस्ट कंट्रोलचे मालक नव्या जाहिरातीचं कॅप्शन वाचू लागले तेव्हा मामाने कान टवकारले.

"'मुलांना, प्राण्यांना सुरक्षित! एकाच भेटीत खेळ खलास!' कसं वाटतं?"

"झुरळांना कळवलंय का?" मामा म्हणाला. "अंडी या औषधाने मरत नाहीत साहेब. पिल्लं निघाली की पुन्हा जावंच लागतं."

हे खरंच होतं. खऱ्या कारणाची सोय अशी, की त्याच्या आड दुसरं कारण आरामात बसतं.

"दुसरी भेट लिहिली की लोकांना वाटतं, पहिल्यांदा नुसते हात हलवत आले!" मालक म्हणाले.

"भावजी, तक्रारींचे फोन मी घेते," मोबाइल हातात धरून बसलेली त्यांची मेहुणी म्हणाली. "मामा, तुम्ही सांगा, मी लिहिते."

मामा सांगत गेला, ती आपल्या शब्दांत लिहीत गेली. मग तिने वाचून दाखवलं: "घरात बाळ आहे? मांजर आहे? काळजी नको. आधी पाहणी, मग बिजागऱ्यांत आणि फटींत जेलचे ठिपके, मोरीत नि कोपऱ्यांत फवारणी. माशांची टाकी झाका, तिचा पंप बंद ठेवा, प्राण्यांची भांडी उचला. तीन आठवड्यांनी दुसरी भेट, मोफत. प्रत्येक भेटीत मुलं आणि प्राणी घराबाहेर. औषध वाळलं, घरात हवा खेळली, की परत आणा."

दुसऱ्या भेटीत फवारणी नसते. पहिल्या भेटीत ठेवलेले चिकट सापळे बघायचे, लागलंच तर फटीत जेल टाकायचं. कोणाला बाहेर काढायचं कारण नाही. पण आपली भेट वाचली एवढं ऐकून मामाचं पुढचं लक्षच उडालं.

"झकास," तो म्हणाला.

कॅप्शन चाललं. तीन आठवड्यांनी मामा पहिल्या घरी दुसऱ्या भेटीला गेला, केस विंचरून. किल्ली शेजाऱ्यांकडे होती. त्याने घरच्या बाईंना फोन लावला.

"अहो, आज घरी थांबलात तरी चाललं असतं."

"तुमच्याच जाहिरातीत लिहिलंय ना? आम्ही आत्याकडे आलोय, मांजरासकट. तुम्ही करा निवांत!"

मग त्याने मेहुणीला फोन केला. "ताई, ती बाहेर जायची ओळ पहिल्या भेटीपुरतीच ठेवा."

"नको हो मामा! लोक तिच्यावरच तर खूश आहेत. म्हणतात, केवढी काळजी घेतात!"

"बरं," मामा म्हणाला.

सिंकखालच्या सापळ्यात दोन पिल्लं अडकली होती. त्याने फटीत जेलचा ठिपका ठेवला आणि फ्रिज पुढे ओढला.