बिबड्या आंबट का लागतात

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटे. जळगावच्या भीमनगरात मंदाबाई इंगळे चुलीवरच्या ज्वारीच्या घाट्यात लाकडी दांडा फिरवत होत्या. ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर बिबड्या, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड, थापून व्हायला हव्यात. शेजारी जाऊ बेबाबाई लसूण ठेचत होती. एप्रिल १९९१. मंदाबाईंना बिबड्यांची टोपली घेऊन कॉलनीत फिरायला लागून नऊ वर्षे झाली होती. कायमची घरे अकरा.

दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारच्या स्थानिक दैनिकात कॉलनीतल्या एका वाचकाचे पत्र आले. हे गृहस्थ कोकणातून नुकतेच बदलून आले होते. दारावर येणाऱ्या बाईच्या बिबड्या आंबलेल्या, शिळ्या पिठाच्या असतात, असे त्यांनी लिहिले. शेवटचे वाक्य होते, ‘त्या कोणत्या वस्तीत बनतात, याचीही चौकशी व्हावी.’ त्या आठवड्यात अकरांपैकी आठ दारे उघडली नाहीत.

मंदाबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी पोस्टकार्ड घेतले.

“बठ्ठं लिही, काही सोडू नको,” बेबाबाई म्हणाली. “वस्तीचंबी लिही. आंबट शे म्हनीसन तर बिबडी शे, इतकं त्याले ठाऊक नाही अन् आपली वस्ती बरी ठाऊक.”

“वस्तीचं लिहिलं तर भांडण होईल. भांडण वाचतील, बिबडी घेणार नाहीत.”

त्यांनी लिहिले: ‘बिबडीची ज्वारी तीन दिवस भिजवतात, पाणी रोज बदलतात. ती आंबते, म्हणून चव आंबूस. खराब बिबडीला कुबट वास येतो, बुरशी दिसते. शंका असेल त्यांनी आधी एक तळून बघावी. नाही आवडली तर परत घेईन.’ खाली नाव. पत्र लिहिणाऱ्याबद्दल शब्द नाही.

शनिवारी पत्र छापून आले. सोमवारी मंदाबाईंनी टोपलीत तळलेल्या बिबड्यांचा डबाही ठेवला. त्या गृहस्थांच्या पत्नीने एक खाल्ली, अर्धा किलो घेतल्या. “आमच्याकडे असं काही नसतं, म्हणून गैरसमज झाला,” त्या म्हणाल्या. पत्रातल्या शेवटच्या वाक्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

बंद झालेल्या आठांपैकी सात घरे परतली. आठवे घर केसरबाईंचे, नऊ वर्षांतले पहिले गिऱ्हाईक.

“मंदा, वाईट वाटून घेऊ नको,” केसरबाई म्हणाल्या. “यंदा आमच्या गच्चीवरच घाल. ज्वारी मी भिजवते. पातेलं आमचं, धोतर आमचं.”

“आंबटच होतील, अक्का.”

“आंबटाचं कुठं काय म्हणते मी?”

मंदाबाईंनी टोपली उचलली. मग म्हणाल्या, “बरं.”

आज चुलीपाशी हे ऐकून बेबाबाईचे ठेचणे थांबले. “तू पोस्टकार्डावर जे सोडलं, तेच तिनं धरलं. मी येणार नाही.” पहिल्या हंगामापासून दोघी एकाच धोतराच्या दोन टोकांना बसून थापत आल्या होत्या. मंदाबाईंनी आग्रह केला नाही.

केसरबाईंकडची ज्वारी उद्या पहाटे शिजवायची आहे. मंदाबाई साडेचारला तिथे पोहोचतील, एकट्या. गच्चीवर जायचा लोखंडी जिना घराच्या बाहेरून आहे.