गप्प बसलेला कुकर

कुकर महिनाभर शिट्टी देत नव्हता. कडेनं वाफ फुसफुसायची, डाळ कच्ची राहायची आणि आतल्या खोलीतून अंथरुणाला खिळलेले वडील, अण्णा, ओरडायचे, "दगड शिजवतेस का गं?" ताई रिंग काढून गार पाण्यात बुडवायची, घट्ट बसवायची. एक वेळ भागायची. पण कडक पडून भेगाळलेलं रबर ते, किती दिवस दम धरणार!

रविवारी धाकटा भाऊ नवी रिंग घेऊन आला. महाशयांना घरात तेवढीच हौस. गेल्या वर्षी झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला, तेव्हा यानंच त्या भोकात नटबोल्ट आवळला होता. "आता आयुष्यभर काळजी नाही!" म्हणे. रिंग बसवून, चहा पिऊन तो गेला. बसायला त्याला वेळ कुठला!

ताईनं वरणभात चढवला. कडेनं वाफ येईना. बरं वाटलं. पण शिट्टीही हलेना, साधी सुसूसुद्धा नाही. गॅस मोठा, आणि कुकर मेला ढिम्म.

मग तिच्या ध्यानात आलं. शिट्टीखालची नळी तुंबली असणार! इतके दिवस वाफ सुटत होती ती कडेनंच, आणि ती वाट आज नव्या रिंगेनं बंद केली. वितळून वाचवणारा व्हॉल्व्ह म्हणावा, तर तिथे बोल्ट.

शेगडीजवळ जायची छाती होईना. ओट्याखाली बसकण मारून तिनं सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, अण्णांच्या खोलीत शिरली आणि दार लावलं. घराबाहेर जायचं तर स्वयंपाकघरातूनच जावं लागे.

"भात झाला?" अण्णांनी विचारलं.

"नाही. गप पडा."

तिनं भावाला फोन लावला. "अगं ताई, तुझं आपलं उगाच! झाकण उघडून बघ ना."

"तू ये आणि उघड," ती म्हणाली.

तो आला तोवर कुकर पार गार झाला होता. तिनं झाकण काढून नळी खिडकीकडे धरली. आरपार उजेडच दिसेना. सुई घातली तेव्हा वाळून घट्ट झालेला डाळीचा फेस निघाला. भावानं बोल्ट बोटानं चाचपला.

"अण्णांजवळ बस. त्यांना कूस बदलून दे," म्हणत ताईनं झाकण पिशवीत घातलं.

दुरुस्तीवाल्यानं बोल्ट बघून कपाळाला हात लावला. "बाई, जिवावरचं होतं हे! व्हॉल्व्ह गेला की त्याच कंपनीचा नवा बसवायचा. आणि नळीतून रोज उजेड बघायचा, मगच कुकर चढवायचा." मग म्हणाला, "व्हॉल्व्ह मागवावा लागेल. तासभर जरा फिरून या."

ताई रस्त्यावर आली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. अण्णा अंथरुणाला खिळल्यापासून असा मोकळा तास मिळालाच नव्हता; कुठे जायचं, तेच तिला सुचेना. शेवटी ती परत आत गेली आणि म्हणाली, "इथंच बसते मी. चालेल ना?"