तिच्या नावापुढचे दोन फोन

लोणावळ्यातल्या बंगल्यांची साफसफाई करणाऱ्या बायकांसाठीचं ॲप मी लिहिलं. कुणी कुठल्या बंगल्यावर किती वाजता जायचं, हे त्यांच्या फोनवर आपोआप यायचं. एकीचे दोन फोन असले तर दोन्हींवर यावं, म्हणून सर्व्हरवर प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या सगळ्या फोनचे टोकन, म्हणजे निरोप पाठवायचे पत्ते, ठेवले होते. या कारागिरीचा मला भारी माज होता.

त्यातली एक टाकव्याच्या पलीकडची, आंदर मावळातली. नवरा मारायचा. एक दिवस त्याने घेऊन दिलेला फोन घरीच टाकून ती लोणावळ्याला बहिणीकडे आली आणि बहिणीने दिलेल्या फोनवर तिने ॲप चालू केलं.

आठवड्याने भुशीजवळच्या एका बंगल्यात ती फरशी पुसत होती, मी भिंतीवर वायफायचा डबा ठोकत होतो; बंगल्यांची असली कामंही मीच करायचो. नवरा दारातून आला तो थेट तिच्या अंगावर. केस धरून त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. मी मागून त्याचा गळा आवळला, तर त्याने माझ्या मनगटाचा लचकाच तोडला. मी हातोडी त्याच्या गुडघ्यावर घातली. खोटं कशाला बोलू, तो कोसळल्यावरही दोनदा घातली आणि मला बरं वाटलं.

त्याच्या खिशातून तिचा जुना फोन घरंगळला आणि तिच्या रक्तात थरथरला. माझ्याच ॲपचा निरोप होता, ‘पुढचं काम : दुपारी दोन, तुंगार्ली.’ तेव्हाच तिच्या कमरेचा नवा फोनही वाजला.

दवाखान्यात टाके पडत असताना ती म्हणाली, “निघताना म्या लॉगआऊट केलतं की. तुमीच शिकवलंतं.”

केलं होतं तिने. पण तिच्या गावात रेंज नव्हती. लॉगआउट केलं की ‘या फोनचं टोकन काढ’ असा निरोप सर्व्हरला जायचा. तो पोचला नाही तरी माझं ॲप गुपचूप, लॉगआउट झाल्यासारखा, लॉगिनचा पडदा दाखवायचं. सर्व्हरला तो फोन अजून तिचाच वाटत होता, आणि नवरा रेंजमध्ये आला की तिचा ठावठिकाणा त्याच्या हातात पडत होता. मी मात्र सगळं ऑफिसच्या वायफायवर तपासलं होतं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

ते टोकन मी तिथेच खोडलं. मग चार दिवस बसून दुरुस्ती केली. आता सर्व्हर ‘काढलं’ म्हणेपर्यंत ॲप निरोप पाठवत राहतं, आणि तोवर लॉगआउट झालं असं दाखवत नाही.

हे सांगायला गेलो तर तिने नवा फोन पुढे केला. “ह्यातलंबी काढा. काम असलं तर फोन करा.”

मी तिच्यासमोर लॉगआउट केलं. “आता झालं,” म्हणालो.

“दावा,” ती म्हणाली.

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. डोक्याची पट्टी सावरत तिने आपल्या नावापुढची रिकामी जागा पाहिली, बोट लावून पुन्हा पाहिली, आणि मगच फोन परत घेतला.