भानुमतीचा मार्का

शालिग्राम पेंटरशी बोलताना जबलपूरच्या गोरखपूर बाजारातली माणसं हातभर अंतर राखून उभी राहत. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण त्याचा हात तोंडाच्या आधी चालायचा. बाप अचलपूरकडून जबलपूरला फॅक्टरीत मजुरीला आला, त्याच्या वशिल्यानं शालिग्रामलाही तिथं चिकटवला होता. पहिल्याच आठवड्यात यानं मिस्त्रीच्या कानफटात लगावली आणि घरी आला. मग बोर्ड रंगवायचं दुकान टाकलं. देवनागरी अक्षर मात्र असं काढायचा, की शिव्या देत आलेलं गिऱ्हाईकही बोर्ड बघून गप्प व्हायचं.

धाकटा रामकृष्ण फॅक्टरीत टिकला. लढाई पेटलेली, तिन्ही पाळ्यांत काम, आणि पलटणीकडे जाणाऱ्या पेट्यांवर इंग्रजी अक्षरं रंगवायचं काम त्याच्याकडे. सुट्टीच्या दिवशी तो भावाच्या दुकानात बसे. इंग्रजी त्यानं काढायचं, देवनागरी दादानं. एकानं दुसऱ्याच्या अक्षराला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा होता. आणि कायदा मोडला तर काय होईल हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या रविवारी काम भय्यासाहेबांचं होतं. त्यांचं होल्डॉल आणि चामडी बॅगांचं दुकान गोऱ्या सोल्जरांमुळे जोरात चाललं होतं. दुकानाला बायकोचं नाव, भानुमती. लोकांचं ‘भानुमतीचा पिटारा’ म्हणून चिडवून झालं होतं, तरी ते हटले नव्हते. त्यांना एक मार्का हवा होता, बोर्डावर तोच आणि बॅगेवरही तोच. डावीकडे भानुमती, उजवीकडे इंग्रजीत तेच.

“दोन्ही जुळे भाऊ वाटले पाहिजेत, शालिग्राम,” भय्यासाहेब म्हणाले होते. “एक मालक आणि एक नोकर नको.”

रामकृष्णानं मोठ्या कागदावर दोन रेघा आखून त्यांत आपली इंग्रजी अक्षरं उभी केली. सगळी एका उंचीची, ताठ, मध्ये हवा खेळती. शालिग्रामनं आपली शिरोरेघ नेमकी त्याच्या वरच्या रेघेवर ठेवली, बूड खालच्या रेघेवर टेकवलं, आणि ‘ती’ची वेलांटी वर, ‘नु’चा उकार खाली खुशाल सोडून दिला. ब्रश तोच, जाडी तीच. त्याला ते फार झोकात वाटलं.

रामकृष्ण मागे सरून बघत राहिला. “दादा, तुझं नाव माझ्या नावाच्या अंगावर बसून राहिलं.”

“काहून? उंची बरोबर तर आहे. पट्टी लाव.”

“पट्टीनं नाही समजत ते. तुझ्या अक्षरावर आडवी रेघ आहे, वरून मात्रा, खालून उकार. तेवढ्याच जाडीनं काढलं तर काळंठिक्कर होते. रेघ जराशी खाली घे, पातळ कर. डोळे बारीक करून पाह्य एकदा.”

“तू मले अक्षर शिकवून राहिला?”

इथंच रामकृष्णानं थांबायला हवं होतं. पण तोही त्याच बापाचा. त्यानं कोळसा उचलला आणि दादाच्या शिरोरेघेच्या थोडी खाली, भानुमतीच्या चारी अक्षरांची मानच कापावी तशी एक रेघ ओढली.

शालिग्रामच्या हातात मनगट टेकायची शिसवी हातकाठी होती. ती त्यानं कागदावरच्या त्या हातावर हाणली, पूर्ण ताकदीनं. वाळकं लाकूड फोडल्यासारखा आवाज झाला. रामकृष्ण ओरडलाही नाही. त्यानं हात उचलला तेव्हा दोन बोटं भलत्याच दिशेला बघत होती आणि कागदावर रक्त ठिबकत होतं. शालिग्रामनं रागाच्या भरात दुसऱ्यांदाही काठी उगारली होती. बोटं दिसल्यावर ती वरच थबकली. पण माफी मागायची सवय त्या जिभेला नव्हती, आणि रामकृष्ण उठून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रामकृष्णाचा मेहुणा अंबादास आला. रेल्वेच्या यार्डात ओझी उचलणारा गडी, सोबत तसेच दोघे. त्यांनी शालिग्रामला दुकानातून ओढून रस्त्यावर लोळवलं. लाथा बरगड्यांत बसल्या, बुक्क्या तोंडावर. अंबादासनं त्याचे केस धरून तोंड काळ्या रंगाच्या डब्यात खुपसलं.

“डॉक्टर म्हणे बोटं सरळ व्हायची नाहीत! समजलं का बे? फॅक्टरीतून नाव कटलं त्याचं. काय खाईन तो, तुझी वेलांटी?”

बाजार उभा राहून बघत होता. कोणी सोडवायला आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालिग्राम दुकानात आला तेव्हा दोन्ही डोळे सुजून नुसत्या फटी उरल्या होत्या. तो कागद भिंतीवर तसाच होता, कोपऱ्यात वाळलेलं रक्त. शालिग्रामनं त्या फटींतून पाहिलं. अक्षरं वाचता येईनात, फक्त दोन पट्टे दिसले. उजवीकडचा करडा, मोकळा. डावीकडचा काळाकुट्ट, आणि खरोखरच उजव्याच्या अंगावर कललेला. रामकृष्णानं डोळे बारीक करायला सांगितलं होतं. मार खाल्ल्यावर ते आपोआप झाले होते. शालिग्राम तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग नवा कागद घेतला. रामकृष्णाची इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी खाली धरून उतरवून घेतली. शिरोरेघ रामकृष्णानं ओढली होती तिथंच, वरच्या रेघेच्या थोडी खाली ठेवली आणि बारीक केली. उभ्या रेघा इंग्रजीपेक्षा किंचित सडपातळ. ‘भ’ आणि ‘म’च्या गाठी उघडल्या, आत पांढरं दिसू दिलं. वेलांटीचा माथा इंग्रजीच्या थोडा वर जाऊ दिला, उकार आखूड करून ‘नु’च्या बुडाशी आवळला. चारच अक्षरं, ती ताणून इंग्रजीइतकी लांब करायचा मोह त्यानं टाळला. पुन्हा पुन्हा मागे सरून फटींतून बघायचा, परत यायचा, पुसायचा. शेवटी दोन्ही पट्टे एकाच करड्या रंगाचे दिसले.

तो कागद आणि ती काठी घेऊन तो रामकृष्णाच्या घरी गेला. भासऱ्यापुढं कधी तोंड न उघडणारी रामकृष्णाची बायको इंदू दारात आडवी उभी राहिली.

“आणखी काय मोडायचं राहिलं, भाऊजी?”

“येऊ दे त्याले,” आतून रामकृष्ण म्हणाला.

खाटेवर बसलेला, हात पट्ट्यांत गुंडाळलेला. शालिग्रामनं कागद भिंतीला लावला. मग खाली बसून आपला उजवा हात पाटावर उघडा ठेवला आणि काठी भावापुढं सरकवली.

“मार. मले बोलता नाही येत. तू मार.”

रामकृष्णानं डाव्या हातात काठी घेतली. चेहरा इतका कडू झाला होता की इंदू पुढं धावली. काठी वर गेली आणि सणसणत खाली आली, बोटांच्या शेजारी, पाटावर. पाट चिरला. शालिग्रामनं हात हलवला नव्हता.

रामकृष्णानं काठी बाजूला टाकली. मग त्यानं भिंतीकडे पाहिलं, डोळे बारीक केले.

“आता बसलं,” तो म्हणाला. “पण ‘एम’ तुले बराबर नाही उतरवता आला. मधला कोन उथळ झाला. उद्यापासून मी सांगीन तसा काढायचा.”

शालिग्रामनं मान हलवली. हात अजून पाटावरच होता.

“उचल तो,” रामकृष्ण ओरडला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला. “सांभाळून ठेव. दोघांत आता तेवढा एकच आहे.”