एकदाच वाढायचं

इंदिरानगरातल्या आपल्या वाल्मीकला इंग्रजी येत नव्हतं असं म्हणायला कोणाची जीभ धजावली नसती. उलट जरा जास्तच येत होतं. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात तो मेल लिहायचा, आणि त्याचे वडील चिमाजी निफाडकडच्या गावात पारावर बसून सांगायचे की पोरगं रोज सकाळी गोऱ्या लोकांशी बोलतं. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा गोरे लोक झोपलेले असतात, हे पारावर कोणी काढत नसे.

वाल्मीकच्या इंग्रजीत एक खोड होती, ती त्याच्या स्वभावातून आलेली. पंगतीत वाढायला उभा राहिला की हा पठ्ठ्या एका वाढणीवर कधी थांबला नाही. पाहुणा ताटावर आडवा हात धरायचा आणि हा बोटांच्या फटीतून शिरा सोडायचा. मेलमध्येही तेच. माल नुसता ‘बेटर’ कसा, तो ‘मोअर बेटर’. यादी ‘मोस्ट लेटेस्ट’. गाडी ‘मोअर फास्टर’ पोचणार. नुसतं बेटर लिहायला त्याला कसंसंच व्हायचं, गिऱ्हाइकाला अर्धपोटी उठवल्यासारखं. वर्षानुवर्षं हे चाललं. हॉलंडचा गिऱ्हाईक कधी बोलला नाही, द्राक्षं मागवत राहिला.

मग २००४ च्या हंगामात पुण्याहून मंजुषा मॅडम मॅनेजर म्हणून आल्या. त्यांनी पहिल्या आठवड्यातच वाल्मीकच्या मेल छापून पाण्याच्या फिल्टरवरच्या बोर्डावर टाचल्या, ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’भोवती लाल गोल काढून. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण गोल वाचून जायचा. ड्रायव्हरसुद्धा एकमेकांना ‘मोअर बेटर आहेस ना?’ विचारू लागले. मॅडमनी मात्र न हसता, शांतपणे सांगितलं की आता अशी एक जरी मेल बाहेर गेली तर टेबल दुसऱ्याला, आणि वाल्मीक पॅकहाऊसवर पेट्या मोजायला.

पेट्या मोजायला वाल्मीकची हरकत नव्हती. पॅकहाऊस निफाडच्या अलीकडेच होतं, ही खरी अडचण. पारावरून दिसण्याइतकं जवळ.

तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बायको मनीषाने भाजी कशी झाली विचारलं तर हा उत्तर द्यायच्या आधी थांबायचा. ती म्हणाली, “चांगली म्हणा नाहीतर वाईट म्हणा, पण काहीतरी म्हणा. परीक्षेला बसल्यासारखं काय तोंड करून बसता?” शेजारच्या वत्सलाबाईंना भिंतीपलीकडून ऐकू गेलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की वाल्मीकची नोकरी धोक्यात आहे. कारण मात्र गल्लीने आपल्या सोयीचं लावलं.

ऑफिसात अकाउंट्सच्या योगिनीला त्याने हळूच विचारलं. तिने नीट समजावलं. बेटरच्या पोटातच ‘जास्त’ असतं, वर आणखी ‘मोअर’ लावायचं कारण नाही. लेटेस्ट म्हणजेच सगळ्यात ताजी, तिला ‘मोस्ट’ कशाला? ‘केअरफुल’सारख्या लांब शब्दाला मात्र ‘मोअर’ लागतं, तिथे काढायचं नाही. आणि इतर जागी ‘मोअर’ म्हणजे आणखी, तो वेगळाच.

वाल्मीकने पहिली दोन वाक्यं मनावर कोरून घेतली. पुढची ऐकली की नाही कोण जाणे. घाबरलेल्या माणसाच्या कानाला झाकण असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारख्या सगळ्या मेल आधी वर्डमध्ये एकाखाली एक लिहून काढल्या. वाचून पाहिल्या. दिसणारा ‘मोअर’ खोडला तरी न दिसलेला कुठेतरी असणारच. मग त्याला युक्ती सुचली. शोधा आणि बदला. शोधा मोअर, बदला काहीच नाही, सगळीकडे एकदम. बटण दाबताच कॉम्प्युटरने सगळे मोअर उपटले, तण काढलेल्या वाफ्यासारखं पान स्वच्छ झालं. ‘मोस्ट’चंही तसंच केलं. मेल चिकटवल्या, पाठवल्या आणि कित्येक दिवसांनी पोटभर चहा प्यायला.

दुपारी डबा उघडून पहिला घास तोंडात घालतो तोच आठवलं, आणि घास तिथेच राहिला.

एक मेल पॅकहाऊसच्या गोटीरामला होती. कंटेनरमध्ये पेट्यांचे थर रचलेल्या वीस पॅलेट जाणार, तेवढ्या भरा, आणि मी फोन करेपर्यंत आणखी भरू नका, असं त्याने लिहिलं होतं. ‘डू नॉट लोड मोअर पॅलेट्स टिल आय कॉल.’ त्यातला ‘मोअर’ आता नव्हता. उरलं होतं ते असं, की मी फोन करेपर्यंत पॅलेट भरूच नका. आणि वाल्मीकने फोन केला नव्हता. करायचं कारणच काय होतं?

पॅकहाऊसचा फोन लागेना. मेल पोचल्यानंतर रस्त्याच्या खोदाईत लाइन गेली होती. गोटीरामचा मोबाइल कोल्ड स्टोअरेजच्या आत गेला की मेलेला. संध्याकाळच्या आत गाडी निघाली नाही तर बंदरात गेट बंद, जहाज गेलं, आणि हॉलंडच्या माणसाच्या दुकानातल्या फळ्या रिकाम्या. योगिनीला घाईघाईत काय झालं ते सांगून वाल्मीक डबा तसाच टाकून मोटरसायकलवर बसला. औरंगाबाद रोडला प्रत्येक समोरून येणारा कंटेनर आपलाच असावा असं त्याला वाटत होतं. चांदोरीला ऊसगाडीमागे अडकला तेव्हा हॉर्न देत देत रडकुंडीला आला.

पॅकहाऊसच्या दारात कंटेनर उभा होता, दार उघडं, आत गारवा आणि बाकी शून्य. सावलीला हमाल पत्ते खेळत होते. गोटीराम कोल्ड स्टोअरेजच्या दाराआत खुर्चीवर मोबाइल समोर ठेवून त्याच्याकडे बघत बसला होता. पूजेला बसावं तसा.

“तुमच्याच फोनची वाट बघतोय,” तो म्हणाला. “मागच्या खेपेला लेखीबिगर भरलं म्हणून मला झापलं होतं तुम्ही. म्हणलं आता लेखी हाय, हात नाय लावायचा.”

“अहो, पण रिकामा कंटेनर उभा करून?”

“मलाबी चमत्कारिक वाटलं. पण इंग्रजीत होतं ना भाऊ. इंग्रजीला कोण विचारणार?”

वाल्मीकने स्वतः खांदा लावला. पत्ते खिशात गेले, पॅलेट आत जाऊ लागल्या. शर्ट घामाने भिजला आणि कोल्ड स्टोअरेजच्या हवेने अंगावरच गारठला. शेवटची पॅलेट आत जात असताना फाटकातून मॅडमची गाडी आली. त्यांना योगिनीने सांगितलं होतं. वाल्मीकने सारवासारव केली नाही. लाल गोलांपासून शोधा-आणि-बदलापर्यंत सगळं, कंटेनरचं दार धरूनच सांगून टाकलं.

मॅडमनी कंटेनरमध्ये डोकावून पॅलेट मोजल्या.

“मोअर बेटर वाचून कोणी हसलं असतं, वाल्मीक,” त्या म्हणाल्या. “माल थांबला नसता.”

मग कंटेनरला सील लागलं. गाडी हायवेला लागली, पण पोचेल की नाही हे रात्र झाल्याशिवाय कळणार नव्हतं. ऑफिसात परतल्यावर मॅडमनी बोर्डावरचे कागद स्वतःच्या हाताने काढले. टेबल वाल्मीककडेच राहील, पण हंगाम संपेपर्यंत बाहेर जाणारी प्रत्येक मेल योगिनी आधी वाचेल, आणि गोटीरामला लिहायचं ते मराठीत. वाल्मीकने मान हलवली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटेना. योगिनीची नजर आता रोजचीच.

बंदराहून फोन आला तेव्हा ऑफिसातले दिवे विझत आले होते. गाडी आत गेली होती, जेमतेम. वाल्मीकने हॉलंडला कळवायला मेल उघडली. पुढचा कंटेनर लवकर भरू, असं लिहिताना बोटं आपोआप ‘मोअर फा...’पर्यंत गेली. तो थांबला. एकेक अक्षर मागे घेत ‘मोअर’ पुसला, नुसतं ‘फास्टर’ ठेवलं, आणि स्क्रीन योगिनीकडे वळवली.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एकदाच वाढायचं,” वाल्मीक म्हणाला, आणि पाठवायच्या आधी अजून एकदा वाचलं.