गुरुजींच्या भाषेची मोजणी

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून आणि कृष्णामाईचे स्मरण करून ही आठवण लिहावयास घेतो. निमित्त असे की, आमच्या गुरुजींच्या नावाचा देवीस्तोत्र-विवरणाचा ग्रंथ नुकताच छापून आला, आणि त्याच्या पहिल्या पानावरील चार ओळींच्या निवेदनाचा अर्थ भेटेल तो मला विचारतो. प्रत्येकाला निराळे सांगण्याइतके बळ आता राहिलेले नाही. एकदाच लिहून ठेवावे, म्हणजे सुटलो.

गुरुजींनी साताऱ्याच्या पाठशाळेत आयुष्यभर शिकविले आणि लिहिले जवळजवळ काहीच नाही. "मुखातून मुखात जाते ती विद्या," असे ते म्हणत. तरुणपणीचे तीन छोटे लेख तेवढे छापलेले होते : एका पोथीची प्रस्तावना, एका विद्वानाचा मृत्युलेख आणि एक व्याख्यान. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, तेव्हा ते सांगलीस मुलाकडे राहावयास गेले. पुढे मुलगाही त्यांच्या हयातीतच वारला. मग घरात दोघेच उरले, अंध सासरे आणि विधवा सून. सकाळची पूजा आटोपली की गुरुजी एका देवीस्तोत्रावरील विवरण सांगत आणि सूनबाई लिहून घेत. बोलणे ध्वनिमुद्रित करण्यास त्यांनी कधी संमती दिली नाही. त्यांच्या पश्चात सूनबाईंनी ते कागद पाठशाळेच्या विश्वस्त मंडळाकडे सोपविले.

तेथून आमची दमछाक सुरू झाली.

मंडळावर माझ्याखेरीज एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते आणि मी एकाच पंक्तीला बसून शिकलो. त्यांनी चार पाने वाचली आणि कागद बाजूला सारले.

"हे गुरुजींचे नव्हे. गुरुजींचे वाक्य पाच ओळींचे असे. इथे पाहा, 'मन म्हणजे उतू जाणारे दूध.' ही स्वयंपाकघरातली भाषा आहे."

त्यांनी नाव घेतले नाही, पण बोट कोणाकडे होते ते सर्वांना कळले. विवरण सूनबाईंनी स्वतःच रचून सासऱ्यांच्या नावावर खपविले, असा त्याचा अर्थ. कागदांवरचे अक्षर सूनबाईंचेच, त्यामुळे अक्षरावरून काही ठरणे शक्य नव्हते. मंडळाने "नव्हे" म्हटले असते तर ग्रंथ छापावयाचा राहिला असता हे खरेच. परंतु त्याहून वाईट म्हणजे, अंध सासऱ्याची सेवा केलेली ती बाई सांगलीत खोटारडी ठरली असती.

मंडळाचे अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार आहेत. कऱ्हाडच्या बाजूला त्यांची उसाची शेती. त्यांना शास्त्र ठाऊक नाही, पण तंटा मिटविणे ठाऊक आहे. ते म्हणाले, "आवं, सांगलीच्या कॉलेजात एक बाई हायेत. संगणकावर भाषा मोजून कुनी लिवलंय त्ये सांगत्यात म्हनं. त्यास्नी इचारू. मशीन काय कुनाचं सोयरं न्हाई."

अशा रीतीने आम्ही त्या अभ्यासक बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. लेखकाने निवडून घातलेल्या जड शब्दांवर त्यांचा फारसा भर नसतो. 'आणि', 'परंतु', 'म्हणून', 'तर' यांसारखे जे शब्द लिहिताना मनातही येत नाहीत, ते कोण किती वेळा वापरतो हे त्या मोजतात, आणि त्यावरून दोन लेखांमधले अंतर काढतात. मात्र आम्ही निघताना त्या मला म्हणाल्या, "शास्त्रीजी, जुने लिखाण जितके जास्त तितकी माझी खात्री जास्त. तीन छोटे लेख म्हणजे फारच थोडे झाले. मी करून पाहीन, पण वचन देणार नाही."

त्यांचे हे अखेरचे वाक्य बैठकीत कोणी लक्षात ठेवले नाही.

सर्व मजकूर संगणकावर चढवून घेण्याचे काम प्राध्यापकांनी अंगावर घेतले होते. पहिला निष्कर्ष आला तो असा की, विवरण जुन्या लेखांपासून फार दूर पडते. बाईंनी त्याखाली 'प्राथमिक' असे लिहिले होते. परंतु प्राध्यापकांनी तो कागद बैठकीत फडकविला, आणि गोष्ट कृष्णेच्या वाऱ्याबरोबर सांगलीस पोहोचली. गणपतीच्या देवळात एका ओळखीच्या बाईने सूनबाईंना विचारले, "काय हो, पुस्तक तुम्हीच लिहिलंत म्हणे?" हे त्यांनी मला दूरध्वनीवर सांगितले. रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "काका, मला एवढं येत असतं, तर मी त्यांच्या हयातीतच सांगितलं नसतं का, की हे माझं आहे म्हणून?"

पुढच्याच आठवड्यात अभ्यासक बाईंचा निरोप आला. विवरणाच्या मजकुरात प्रत्येक परिच्छेदाआधी मूळ श्लोक आणि मध्ये मध्ये स्मृतिपुराणांतील वचने होती, आणि ती सर्व गुरुजींची म्हणून मोजली गेली होती. जुन्या लेखांत अवतरणे जवळजवळ नव्हतीच.

"श्लोक आधी काढून द्या असे मी कळविले होते," त्या म्हणाल्या.

प्राध्यापक खवळले. "मूळ काढून टीका? देवाशिवाय देव्हारा मागता का?"

हा आमच्या परंपरेचा संस्कार. मूळ आणि टीका वेगळी करणे आमच्या हातून होत नाही. पाठ करताना ते योग्यच आहे. पण येथे त्यामुळे गुरुजींच्या नावावर ऋषींचे शब्द मोजले गेले होते. सुभेदार हसून म्हणाले, "मास्तर, गुर्जींचं माप घ्यायचं हुतं, तुमी देवासकट तराजूत घातलं. मग काटा हालनारच की!"

श्लोक वगळून मोजणी पुन्हा झाली. विवरण पुष्कळ जवळ आले. मला वाटले, देवीने कौल दिला. तसे काही नव्हते.

अखेरच्या बैठकीस अभ्यासक बाई स्वतः साताऱ्यास आल्या. सूनबाईंनाही बोलाविले होते. मीच सांगलीहून त्यांना एस.टी.ने घेऊन आलो. प्रवासभर त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

बाईंनी आधी गुरुजींचे तीन लेखच एकमेकांशी ताडून पाहिले होते. हे तिन्ही निःसंशय त्यांचे. तरीही प्रस्तावनेपासून मृत्युलेख जेवढा दूर पडला, तेवढे विवरणही दूर पडत नव्हते. "म्हणजे माझी मोजपट्टीच इथे हलते आहे," त्या म्हणाल्या. "लेख लहान आहेत, प्रत्येकाचा प्रकार निराळा. चार वाक्ये इकडची तिकडे झाली की उत्तर बदलते."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मोजपट्टीच्या परीक्षेसाठी त्यांनी माझे पाठशाळेच्या वार्षिकातले विशीतले लेख आणि अलीकडची प्रवचने मागून नेली होती. त्या किंचित संकोचून म्हणाल्या, "शास्त्रीजी, तुमचे तरुणपणचे लेख तुमच्या आजच्या लिखाणाजवळ बसत नाहीत. ते गुरुजींच्या प्रस्तावनेजवळ बसतात."

मग सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी मशीनच्या हिशेबानं शास्त्रीबुवा दोन मानसं! आवं, पेन्शन दोनदा घेता काय?"

सर्व हसले, प्राध्यापकही. मी हसलो, पण आत काहीतरी खचले. त्या वयात आम्ही गुरुजींचीच वाक्ये तोंडात घोळवीत होतो; माझी भाषा मला फार उशिरा लाभली. गुरुजींचेही तसेच झाले नसेल कशावरून? डोळे गेल्यावर माणूस लिहीत नाही, बोलतो. पाच ओळींचे वाक्य डोळ्यांना पेलते, श्वासाला पेलत नाही. हा बदल वयाचा, की अंधत्वाचा, की लेखणी दुसऱ्याच्या हाती गेल्याचा, हे सांगावयास मधल्या काळातले त्यांचे काही लिखाण हवे होते. ते नव्हते. चार-चार ओळींची पोस्टकार्डे तेवढी ते पाठवीत, आणि बाईंच्या मते चार ओळींतून काही मोजता येत नाही.

प्राध्यापक सहज हार मानणारे नव्हेत. "मग सूनबाईंचे लिखाण ताडून पाहा."

"पाहिले," बाई म्हणाल्या. "बहिणीला लिहिलेली पत्रे आणि भजनी मंडळाचा एक वृत्तान्त. तेही थोडेच आणि प्रकारही वेगळा. शिवाय जी व्यक्ती वर्षानुवर्षे दुसऱ्याचे बोलणे उतरवून घेते, तिच्या हाताला त्याचे वळण लागते. आणि सांगणाऱ्याच्या वाक्यात लिहिणारीचा एखादा 'तर', एखादा 'मग' शिरतो. त्या दोघांना या मापाने वेगळे काढणे मला जमणार नाही."

"म्हंजी व्हय का न्हाई?" सुभेदारांनी विचारले.

"होयही नाही आणि नाहीही नाही. एवढ्या सामग्रीवर सांगता येत नाही, हेच माझे उत्तर."

तेव्हा सूनबाई बोलल्या. "ताई, म्हणजे मी खरी की खोटी?"

"तुम्ही खोट्या आहात असे माझ्या मोजणीत कुठेही नाही," बाई मान खाली घालून म्हणाल्या. "खऱ्या आहात असेही ती सांगू शकत नाही. त्याबद्दल मला वाईट वाटते."

"वाईट काय वाटायचं," सूनबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता. "इतके दिवस लोक मशीनचं नाव सांगून मला बोलत होते. मशीन काहीच म्हणालं नव्हतं, एवढं तरी कळलं."

निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले : "हे विवरण गुरुजींनी सांगितले व त्यांच्या सुनेने लिहून घेतले, असा तिचा दावा आहे. भाषेच्या मोजणीने याचा निर्णय होऊ शकला नाही; उपलब्ध जुने लेखन अत्यल्प आहे आणि मधल्या काळातले लेखन नाही."

सूनबाईंनी ते दोनदा वाचले. "काका, एक विनंती. 'दावा' नको. दावा कोर्टात करतात. मी कोणाकडून काही मागत नाही. 'तिचे सांगणे आहे' असं लिहाल?"

प्राध्यापक म्हणाले, "अर्थ तोच होतो."

"मग बदलायला तुमचं काय जातंय, मास्तर?" सुभेदार म्हणाले. प्राध्यापकांनीच लेखणी पुढे केली. मी शब्द बदलला आणि सर्वांनी सह्या केल्या. प्राध्यापकांनी सर्वांत शेवटी केली, पण केली.

ग्रंथ या स्वरूपात बाहेर आला आहे. सांगलीत कुजबूज संपली का? नाही. पूर्वी लोक "मशीनने सांगितले" म्हणत, आता "काय माहीत" म्हणतात. सूनबाई म्हणतात, एवढ्यावर दिवस काढता येतात.

मला विचाराल, तर ते विवरण गुरुजींचे आहे असे मी मानतो, कारण सांगणारीवर माझा विश्वास आहे. तो माझा विश्वास आहे; त्याला मोजणीचे नाव देण्याचा अधिकार मला नाही, आणि ज्यांना तो वाटत नाही त्यांच्याशी भांडण्याचे वयही उरलेले नाही.

वाचकहो, जगदंबा तुम्हांस निरामय ठेवो. तुमच्या घरातील वृद्धांना ऐकणारे कान मिळोत, त्यांची सेवा करणाऱ्यांच्या शब्दाला घरात आणि गावात मान मिळो, आणि तुमच्या लेकीसुना-नातवंडांसह सर्वांचे कल्याण होवो. शुभं भवतु.