हजेरीचं यंत्र आणि आमचे दाजी

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पंचवीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतायत. पण "माझं चुकलं" हे वाक्य त्यांच्या तोंडून ताईनेसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

आमच्या ऑफिसातलं हजेरीचं यंत्र सकाळी आठला सुरूच व्हायचं नाही. आत टिक्... टिक्... टिक्, पडद्यावर क्षणभर उजेड आणि पुन्हा अंधार. मी पावणेआठपासून बोट पुढे करून उभा. दहाला खोली तापली की ते एकदाचं जागं व्हायचं, वर बारीक किंचाळत राहायचं, आणि माझ्या नावापुढे नोंद करायचं: दोन तास उशीर.

ऑफिसचा न्याय तर अजबच. कायम कर्मचाऱ्यांसाठी यंत्र बिघडलेलं, म्हणून त्यांचा उशीर माफ. मी तात्पुरता, म्हणून माझ्यासाठी ते ठणठणीत. का, तर दुरुस्तीला दाजींकडेच गेलं होतं, आणि दोनदा त्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं, "दोष नाही." सोमवारी माझ्या नोकरीचा निकाल होता.

मी चिडून ताईकडे गेलो. माझी नोकरी तुमच्या सहीने जातेय, असं तोंडावर सांगितलं. दाजी जेवता जेवता म्हणाले की मीटरवर बरोबर पाच व्होल्ट आले होते, आता काय शपथ घेऊ? ताईने त्यांचं ताट उचललं. मग ते सोमवारी सकाळी ऑफिसात यायला तयार झाले.

कडाक्याच्या थंडीत आठला त्यांनी यंत्र उघडलं. टिकटिक ऐकली. ताईचं केस वाळवायचं मशीन काढून नियंत्रक चिपशेजारच्या एका छोट्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून एकसारखी ठेवणाऱ्या डबीवर, गरम हवा मारली. टिकटिक थांबली, पडदा उजळला. मग विजेची रेघ काढून दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. पाच व्होल्टच्या सरळ रेषेवर साडेतीनशे मिलिव्होल्टच्या लाटा उठत होत्या. आतले तिन्ही कपॅसिटर दिसायला अगदी धडधाकट, एकही फुगलेला नाही, पण आतून सुकलेले. गारठ्यात त्यांचा जीव आणखी जायचा. मीटर सरासरी दाखवतो, त्याला लाटा दिसत नाहीत. आणि दाजींच्या दुकानात कायम ऊब.

छोटा कपॅसिटर आणि वीज बाहेर पडते तिथले दोन्ही बदलले. लाटा तीसवर आल्या, किंचाळणंही थांबलं. यंत्र गार होऊ दिलं, बंद करून चालू केलं. पहिल्या झटक्यात लागलं.

साहेब म्हणाले, छान, पण जुन्या दोन सह्यांचं काय? दाजींनी कागद ओढला. बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं: "यंत्र बिघडलेलंच होतं. गारठ्यात तपासायचं मला सुचलं नाही. माझं चुकलं." खाली सही.

साहेबांनी माझे सगळे उशीर खोडले आणि त्याच दिवशी मला कायम केलं.

मंगळवारी आठला यंत्र तयार होतं, म्हणून दहाला यायची सवय लागलेल्या चाळीस जणांना उशीर लागला, पहिला साहेबांना. त्यांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "हे यंत्र दुरुस्त कुणी केलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो.

"माझ्या दाजींनी," मी म्हणालो, आणि मला फार अभिमान वाटला.